तीन आठवडे थकलेलं बिल आणि एक मेल

बुधवार, २४ एप्रिल. सकाळी माझ्या मैत्रिणीने मला दोन मसुदे पाठवले आणि खाली लिहिलं, "यातला कुठला पाठवू?" मी वाचले आणि तिला फोन केला. म्हटलं, दोन्ही नको.

ती चित्रकार आहे, स्वतंत्र काम करते. एका कंपनीच्या माहितीपुस्तिकेसाठी तिने १२ चित्रं काढून दिली होती. कामाबद्दल कुणाची तक्रार नव्हती, पुस्तिका छापूनही झाली होती. बिल क्रमांक ०४७, तारीख ४ मार्च, रक्कम ४८,०००, मुदत बिलाच्या तारखेपासून ३० दिवस. म्हणजे ३ एप्रिलला पैसे यायला हवे होते. आज मुदत संपून बरोबर एकवीस दिवस झाले होते आणि या एकवीस दिवसांत तिने समोरच्यांना एका शब्दाने विचारलं नव्हतं. "येतील गं, मोठी कंपनी आहे" असं ती पहिला आठवडा म्हणत होती. दुसऱ्या आठवड्यात काही म्हणेनाशी झाली. तिसऱ्या आठवड्यात तिची झोप उडाली आणि त्यातून हे दोन मसुदे निघाले.

माझं या बाबतीत थोडं वेगळं आहे. मी बरीच वर्षं एका कंपनीच्या अकाउंट्समध्ये, बाहेरच्यांची बिलं भरण्याच्या टेबलावर काढली. असे मेल माझ्याकडे यायचे. कुठला मेल वाचून हात लगेच कामाला लागतो आणि कुठला "उद्या बघू" म्हणून खाली सरकतो, ते मला त्या खुर्चीतून कळलं.

पहिला मसुदा असा होता:

"नमस्कार मॅडम, तुम्हाला त्रास देतेय त्याबद्दल आधीच सॉरी. तुम्ही खूप कामात असाल याची कल्पना आहे. मागच्या बिलाचं तेवढं जरा बघाल का? घाई अजिबात नाही, सवडीने बघा. पुस्तिका फार सुंदर झालीये असं ऐकलं!"

हा मसुदा वाचून मॅडम हसतील, "हो हो, बघते" असं लिहितील आणि विसरतील. त्यात त्यांचा दोषही नसेल. कुठलं बिल, किती रकमेचं, मुदत कधी संपली, यातलं काहीच त्यात नाही. ते शोधायचं तर त्यांना जुने मेल उकरावे लागतील, आणि "घाई अजिबात नाही" हे आपणच लिहून दिलंय. "सवडीने" हा शब्द तर पैशांच्या मेलमध्ये कधीच येऊ नये. ऑफिसात सवड कुणालाच नसते, त्यामुळे सवडीने करायचं काम होतच नाही.

दुसरा मसुदा रात्री साडेअकराचा होता:

"मॅडम, तुम्ही अजूनही माझे पैसे दिलेले नाहीत. काम करून घेताना रात्री दहाला फोन करून बदल सांगायचात, तेव्हा तुम्हाला घाई होती. आता तीन आठवडे झाले तरी साधी चौकशी नाही. सात दिवसांत पैसे न आल्यास व्याज आकारावं लागेल."

यातला राग खरा आहे, पण पत्ता चुकलाय. मॅडम प्रसिद्धी विभागात आहेत. पैसे त्या देत नाहीत. त्या फक्त "काम झालं, बिल बरोबर आहे" असा शेरा देतात. त्यांना हे वाचून वाईट वाटेल किंवा राग येईल, आणि मग त्या उत्तर लिहायचं टाळतील, कारण अवघड मेलला उत्तर देणं कुणालाच आवडत नाही. व्याजाचं म्हणाल, तर कामाच्या करारात उशिराच्या व्याजाचा उल्लेखच नव्हता. जे मागायचा आधार कागदावर नाही त्याची धमकी दिली की समोरचा माणूस करार उघडून बघतो, आणि मग उरलेल्या मेलचंही वजन जातं.

दोन्ही मसुद्यांमागे एकच समजूत होती: पैसे न येणं म्हणजे समोरच्याने ते न देण्याचं ठरवलंय. म्हणून एकात विनवणी आणि दुसऱ्यात भांडण. पण तीन आठवड्यांच्या उशिरात असं ठरवलेलं फार कमी वेळा असतं. बहुतेकदा बिल कुठेतरी पडून असतं आणि ते पडून आहे हे कुणाच्या लक्षातच आलेलं नसतं.

बऱ्याच मोठ्या कंपन्यांत बिलाचा प्रवास साधारण असा होतो. ते ज्याने काम करून घेतलं त्याच्याकडे येतं. तो ते अकाउंट्सकडे पाठवतो. तिथे तीन गोष्टी ताडून बघतात: कंपनीने काढलेली पर्चेस ऑर्डर, काम मिळाल्याची नोंद आणि बिल. तिन्हींचा मेळ बसला की बिल मंजूर होतं आणि पैसे सोडायच्या पुढच्या यादीत जातं. ही यादी रोज निघत नाही. कुठे आठवड्यातून एकदा निघते, कुठे महिन्यातून दोनदा. मेळ बसला नाही तर बिल "होल्ड"वर जातं. आणि होल्डवर गेलेलं बिल ओरडत नाही. ते सिस्टिममध्ये शांतपणे पडून राहतं, अगदी कुणीतरी त्याचा नंबर घेऊन विचारेपर्यंत.

म्हणून तीन आठवड्यांनी जाणाऱ्या मेलला खरं काम एकच: बिल कुठल्या टेबलावर आहे ते शोधून काढायचं आणि तिथून पैसे निघायची तारीख मिळवायची.

लिहायला बसण्याआधी मी तिला चार गोष्टी तपासायला लावल्या. आधी बँकेचं स्टेटमेंट, आणि तेही फक्त ४८,००० हा आकडा शोधत नाही, तर ४ मार्चपासूनची प्रत्येक जमा बघत. कधीकधी कर कापून रक्कम येते, आकडा वेगळा दिसतो आणि आपण मिळालेल्या पैशांसाठी तगादा लावतो. तसं काही नव्हतं. मग पाठवलेल्या मेलचा फोल्डर: मेल खरंच गेला का, कुणाला गेला, पीडीएफ जोडलेली होती का. गेला होता, जोडलेली होती, पण एकट्या मॅडमना. तिसरं, बिलावरचा खाते क्रमांक एकेक आकडा वाचून. तोही बरोबर. चौथं, मुदत बिलाच्या तारखेपासून की बिल मिळाल्यापासून. हा फरक क्षुल्लक वाटतो, पण "एकवीस दिवस" लिहायचे आणि समोरच्याच्या हिशेबाने सतराच निघायचे, यात आपली बाजू विनाकारण लंगडी पडते. इथे बिलाच्या तारखेपासूनच होती.

पाचवी गोष्ट मी विचारायला हवी होती आणि विचारली नाही. ती पुढे येईलच.

मग आम्ही फोनवरच मेल लिहिला. तो असा गेला:

विषय: बिल क्र. ०४७, दि. ४ मार्च: मुदत ३ एप्रिलला संपली, रक्कम येणे बाकी

नमस्कार मॅडम,

माहितीपुस्तिकेच्या १२ चित्रांचं बिल क्र. ०४७ मी तुम्हाला ४ मार्चला पाठवलं होतं. रक्कम ४८,००० आहे आणि ठरल्याप्रमाणे ३० दिवसांची मुदत ३ एप्रिलला संपली. आज सकाळपर्यंत ही रक्कम माझ्या खात्यात जमा झालेली नाही.

बिल कुठे अडलं असेल आणि माझ्याकडून एखादा कागद किंवा माहिती हवी असेल, तर कृपया कळवा, आजच पाठवते. तसं काही नसेल, तर पैसे कोणत्या तारखेला निघतील तेवढं शुक्रवार, २६ एप्रिलपर्यंत कळवावं, ही विनंती.

हे काम अकाउंट्स विभागाकडे असेल, तर हाच मेल त्यांना पुढे पाठवलात तरी चालेल. मूळ बिल सोबत पुन्हा जोडलं आहे. बँकेचे तपशील बिलावर आहेत तेच आहेत.

धन्यवाद.

खाली तिचं नाव आणि फोन नंबर.

लिहून झाल्यावर ती म्हणाली, "अगं, फार कोरडं वाटतंय. निदान पुस्तिका छान झाली असं तरी घालू ना?" मी नको म्हटलं. हा मेल मॅडमसाठी नव्हताच. त्यांनी तो एकही शब्द न जोडता पुढे ढकलावा आणि अकाउंट्समधल्या, तिचं नावही न ऐकलेल्या माणसाला वाचताक्षणी काम कळावं, यासाठी तो होता. पुस्तिकेचं कौतुक मध्ये आलं की मॅडमना पुढे पाठवताना अवघडल्यासारखं होतं, आणि अकाउंट्सवाल्याला बिलाचा नंबर कौतुकाच्या खालून शोधावा लागतो. माझ्या टेबलावर दिवसाला असे कितीतरी मेल यायचे. विषयातच नंबर आणि तारीख असली की मी मेल उघडण्याआधीच सिस्टिममध्ये बिल शोधायला लागायचे. विषय नुसता "पेमेंटबाबत" किंवा "स्मरणपत्र" असला की तो नंतरसाठी ठेवायचे. हे चांगलं होतं असं नाही, पण होत असे.

आता त्यातले शब्द. "तुम्ही पैसे दिले नाहीत" आणि "रक्कम जमा झालेली नाही" या दोन वाक्यांत घडलेली गोष्ट एकच, पण पहिल्यात एक माणूस आरोपी आहे आणि दुसऱ्यात फक्त खातं रिकामं आहे. मराठीला ही सोय आहे, कर्त्याला बाजूला ठेवून वाक्य उभं राहतं, आणि त्यातून काही लपतही नाही. तसंच "बिल कुठे अडलं असेल" याचं. या वाक्यात मॅडमना बाहेर पडायला वाट आहे. त्या "हो, आमच्याकडे अडलंय" असं सहज लिहू शकतात, त्यात त्यांची मान खाली जात नाही. "तुम्ही का अडवलं" असं विचारलं की माणूस आधी स्वतःचा बचाव करतो, बिल नंतर बघतो.

मवाळपणा एवढाच पुरे. तारखांच्या बाबतीत मेल मुळीच मवाळ नाही. "लवकरात लवकर" लिहिलं असतं तर त्याचं उत्तर "लवकरच" आलं असतं आणि दोघींपैकी कुणालाच काही कळलं नसतं. "शुक्रवारपर्यंत तारीख कळवा" याचं उत्तर तारीखच असू शकतं. आणि मागणी नीट बघा: शुक्रवारपर्यंत पैसे मागितलेले नाहीत, शुक्रवारपर्यंत तारीख मागितली आहे. पैसे दोन दिवसांत सोडणं मॅडमच्या हातात नाही. तारीख विचारून सांगणं आहे. माणसाकडे त्याच्या हातातली गोष्ट मागितली की ती मिळायची शक्यता बरीच वाढते.

"पैसे पाठवले असतील तर या मेलकडे दुर्लक्ष करावे" हे नेहमीचं वाक्य आम्ही मुद्दाम घातलं नाही. बँकेच्या छापील नोटिशीत ते शोभतं. इथे आपण स्टेटमेंट बघून लिहितोय, मग दुर्लक्ष करायची परवानगी आधीच का द्यायची?

शेवटची ओळ, बँकेच्या तपशिलांची, तिला अनावश्यक वाटली. पण थकलेल्या बिलाची आठवण देत "आता पैसे या नव्या खात्यात भरा" असे खोटे मेल पाठवून कंपन्यांना फसवण्याचा प्रकार जुना आहे आणि अकाउंट्सवाल्यांना तो चांगला ठाऊक असतो. म्हणून आठवणीच्या मेलमध्ये खाते क्रमांक नव्याने टाइप करू नये, बिलावर आहे तोच राहू द्यावा. खरोखरच खातं बदललं असेल तर ते वेगळं, आधी फोन करून कळवावं. आठवण आणि नवं खातं एकाच मेलमध्ये आलं की सावध कंपनी पैसे थांबवते, आणि बरोबरच करते.

मेल साडेदहाला गेला. सव्वातीनला मॅडमचं उत्तर आलं: "अहो, मी तर मार्चमध्येच पुढे पाठवलं होतं! अकाउंट्सना विचारते." त्यांनी आमचा मेल जसाच्या तसा पुढे पाठवला होता, वर फक्त "प्लीज चेक" लिहून. दुसऱ्या दिवशी, गुरुवारी सकाळी अकाउंट्समधून दोन ओळी आल्या. बिल १८ मार्चपासून होल्डवर होतं. कारण: बिलावर पर्चेस ऑर्डरचा नंबर नाही.

हीच ती पाचवी गोष्ट. काम सुरू होताना कंपनीने तिला एक मेल पाठवला होता, त्याला जोडलेल्या कागदावर हा नंबर होता आणि "बिलावर नमूद करावा" असंही लिहिलेलं होतं. तिने तो कागद उघडून "ठीक आहे" म्हणून ठेवून दिला होता. बुधवारी सकाळी मी एवढं विचारलं असतं तर आम्ही त्याच मेलसोबत दुरुस्त बिल जोडलं असतं आणि एक पूर्ण दिवस वाचला असता. त्या दिवसाची किंमत लवकरच कळली.

होल्डची सूचना कंपनीच्या सिस्टिमने पाठवली होती म्हणे. कुणाला, ते शेवटपर्यंत कळलं नाही. तिच्याकडे आली नव्हती, मॅडमना आठवत नव्हती.

आता बिल दुरुस्त करताना एक खड्डा असतो आणि ती त्यात पाय टाकणारच होती. तिने नंबर घातला आणि वरची तारीख बदलून २५ एप्रिल केली, कारण "आजच बनवलं ना." असं बिल सिस्टिममध्ये गेलं की ३० दिवस नव्याने मोजायला लागतात आणि मुदत २५ मेपर्यंत सरकते. मी तिला तारीख ४ मार्चच ठेवायला सांगितलं, बिल क्रमांकही तोच, फक्त पर्चेस ऑर्डरची ओळ वाढवलेली, आणि त्याआधी अकाउंट्सना असं चालेल का ते विचारायला लावलं. हे विचारणं गरजेचं आहे, कारण दिलेलं बिल बदलायचे नियम सगळीकडे सारखे नसतात. काही ठिकाणी जुनं रद्द करून नव्या क्रमांकाचं बिल काढावंच लागतं. तसं असेल तर मेलमध्ये एक वाक्य हवं: "मुदत मूळ बिलाच्या तारखेपासून धरली जाईल, असं गृहीत धरते." इथे ते चाललं. दुरुस्त बिल गुरुवारी दुपारी दोनला गेलं.

आणि उशीर झाला. कंपनी महिन्यातून दोनदा पैसे सोडते, १५ तारखेला आणि महिन्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी. ३० एप्रिलची यादी गुरुवारी दुपारी बारालाच बंद झाली होती. दोन तासांनी हुकलं. मैत्रीण हळहळली, मग म्हणाली, मॅडमना फोन करून यादीबाहेर पैसे सोडायला सांगते. विचारायला हरकत नाही म्हटलं, पण एकदाच. मॅडमनी विचारलं, अकाउंट्सने नाही म्हटलं. माझ्या जुन्या टेबलावर मीही नाहीच म्हटलं असतं. एकाला यादीबाहेर दिलं की त्या दिवशी आणखी दहा जण दारात उभे राहतात. पण त्याच मेलमध्ये अकाउंट्सने लिहिलं, "१५ मेच्या यादीत घेतलं आहे." मला तेच हवं होतं. तीन आठवडे "येतील" होतं, आता १५ मे होती.

तिने उत्तर दिलं: "धन्यवाद. १५ मे नोंदवून ठेवते." एवढंच. यात आभार आहेत आणि मी ही तारीख लक्षात ठेवणार आहे हेही आहे.

शुक्रवारपर्यंत काहीच उत्तर आलं नसतं तर? तर सोमवारी फोन, आणि फोननंतर लगेच दोन ओळींचा मेल, फोनवर काय ठरलं ते लिहून. तोच मेल पुन्हा पाठवायचा नाही. ज्या मेलला उत्तर आलं नाही त्याची दुसरी प्रत पहिल्या प्रतीच्या शेजारी जाऊन पडते. आणि उत्तर येतंय पण तारीख येत नाही, किंवा तीन महिन्यांपूर्वी आवडलेल्या कामात आता अचानक चुका दिसायला लागल्या, तर ते प्रकरण कागदाच्या अडचणीचं नाही. तिथे हा मेल उपयोगाचा नाही, आणि सभ्यपणाची जात बदलावी लागते. या प्रकरणात तशी एकही खूण नव्हती. मॅडमचं ते "अहो" वाचूनच मी निश्चिंत झाले होते.

पैसे १६ मेला जमा झाले, पूर्ण ४८,०००. मुदतीनंतर ४३ दिवसांनी. तिने ४ एप्रिललाच हा मेल पाठवला असता तर दुरुस्त बिल १५ एप्रिलच्या यादीत आरामात बसलं असतं.

जूनमध्ये त्याच मॅडमनी तिला दुसरं काम दिलं. तिने काम घ्यायच्या मेलमध्येच विचारलं: पर्चेस ऑर्डरचा नंबर काय आणि बिलाची प्रत अकाउंट्सच्या कुठल्या पत्त्यावर पाठवायची. नंबर आला. पत्त्याच्या जागी मॅडमनी लिहिलं, "मलाच पाठवा, मी पुढे पाठवते." तिने तो मेल मला फॉरवर्ड केला, वर काहीही न लिहिता.